टाके, टँकर आणि तिसरी खेप

शाळेतील अंकगणिताच्या पुस्तकांत हौद भरण्याची जी उदाहरणे असत, त्यांतील हौद आरंभी नेहमी कोरडा ठणठणीत असे. एक नळ तो चार तासांत भरी, दुसरा सहा तासांत, आणि तिसरा, ज्याची तोटी बंद करण्याची बुद्धी त्या गणितातील कोणाही मनुष्यास कधी होत नसे, तो भरलेला हौद आठ तासांत रिकामा करी. या उदाहरणांवर ज्यांचे बालपण खर्ची पडले, त्या पिढीस पुढे वऱ्हाडात राहून वैशाखात टँकर मागवण्याचा प्रसंग आला, तेव्हा असे आढळून आले की नळ चार तासांत हौद भरतो ही केवळ कविकल्पना असून, हौद मात्र पूर्णपणे रिकामा कधीच नसतो. त्याच्या तळाशी काही ना काही पाणी शिल्लक असतेच, आणि ही शिल्लक वजा कशी करावी, कुठून करावी आणि भागाकाराच्या आधी करावी की नंतर, याविषयी सुशिक्षित माणसांत जे मतभेद उत्पन्न होतात, ते वारसाहक्काच्या दाव्यांत होणाऱ्या मतभेदांहून तीव्रतेत तिळमात्रही कमी नसतात.

प्रस्तुत लेखक अमरावतीकर आहे, आणि सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी पितो, ही गोष्ट अकोल्यास गेल्यावर त्याने शक्य तो बोलून दाखवू नये असा घरचा दंडक आहे. अकोल्याची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर अवलंबून आहे, आणि धरणातला साठा उतरू लागला की नळाच्या दोन पाळ्यांमधील दिवसही त्याच प्रमाणात लांबत जातात. मग जमिनीतले पाणी का उपसू नये, असा प्रश्न परमुलखातून आलेला पाहुणा विचारतो. परंतु पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे भूगर्भातले पाणीच मुळात खारट असल्यामुळे, बोअर जितकी खोल न्यावी तितकी ती गोडीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरण्याचा संभव अधिक. या पट्ट्याच्या कडेला वसलेल्या एका वस्तीत माझे भाटवे राहतात. बारा बिऱ्हाडांची त्यांची इमारत असून तिच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणास फेस येत नाही. सबब ते पाणी फरशी धुण्यापुरते ठेवून, पिण्यासाठी आणि वापरासाठी ट्रॅक्टरला जोडलेला पाच हजार लीटरचा टँकर मागवायचा आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या टाक्यात ओतून घ्यायचे, अशी तेथली वहिवाट आहे. भाटवे या इमारतीच्या मंडळाचे खजिनदार आहेत, आणि पाण्याचा जमाखर्च त्यांच्या दफ्तरी आहे.

टाके आतल्या मापाने बारा फूट लांब, नऊ फूट रुंद आणि सात फूट खोल आहे. बांधणाऱ्याने विक्रीच्या वेळी छापलेल्या पत्रकात त्याची क्षमता २१,००० लीटर अशी दिमाखाने नमूद केली होती, आणि गुणाकार केला तर ती चुकीचीही नाही. बारा नव्वे एकशेआठ, गुणिले सात, म्हणजे ७५६ घनफूट, आणि एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लीटरांच्या वर थोडे पाणी मावते, या हिशेबाने एकवीस हजारांहून तीन-चारशे लीटर अधिकच भरतात. परंतु टाक्याच्या भिंतीत, वरच्या स्लॅबपासून बरोबर एक फूट खाली, जास्तीचे पाणी गटारात सोडणारा ओव्हरफ्लोचा पाइप बसवलेला आहे, आणि पाण्याची पातळी त्या पाइपाला लागली की त्यावरचा एक फूट हा केवळ हवेच्या उपभोगासाठी राखून ठेवलेला असतो. म्हणजे सात फुटांचे सहाच फूट कामाचे, आणि एकवीस हजारांचे प्रत्यक्षात १८,३०० लीटर. पत्रक छापणाऱ्याने टाके मोजले होते, पाइप मोजला नव्हता. टँकर मागवताना मात्र पाइपच मोजावा लागतो, कारण पैसे मोजलेले पाणी त्याच वाटेने गटारात जाते.

पहिल्या उन्हाळ्यात भाटव्यांनी जो हिशेब मांडला, तो मी त्यांच्या वहीत स्वतः पाहिला आहे, आणि त्याचे सुवाच्य अक्षर व समासातील तांबड्या शाईची रेघ पाहता त्याविषयी शंका घेण्याचे धाडस कोणासही झाले नसते. १८,३०० ला ५,००० ने भागले तर तीन पूर्णांक आणि वर दोनतृतीयांश येतात; टँकरचा तुकडा कोणी आणून देत नाही, म्हणून तो अपूर्णांक वर चढवून चार. आता शिल्लक. त्या दिवशी टाक्यात वेळूची काठी घातली तेव्हा अठरा इंच ओली आली, म्हणजे साडेचार हजार लीटरांच्या किंचित वर. ही शिल्लक एका टँकरच्या क्षमतेएवढी भरत नाही, आणि अपुरा टँकर वजा करण्याची तरतूद नाही, सबब वजाबाकी शून्य. चार वजा शून्य, चार. पायऱ्या निरनिराळ्या पाहिल्या तर एकाही पायरीवर बोट ठेवण्यास जागा नाही, आणि तरीही उत्तर एका संपूर्ण टँकरने चुकलेले आहे, ही या हिशेबाची अपूर्वाई. पूर्णांक करण्याचा संस्कार एकाच अंकावर दोनदा करू नये, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. एकदा गरज वर चढवली, दुसऱ्यांदा शिल्लक खाली उतरवली, आणि दोन्ही वेळचा फायदा टँकरवाल्याच्या पदरी गेला. आधी शिल्लक लीटरांतच वजा करावयास हवी होती. अठरा हजार तीनशेंतून साडेचार हजारांवर गेलेले ते पाणी वजा केले की पावणेचौदा हजार उरतात. त्यांस पाच हजारांनी भागले की पावणेतीन येतात. आणि मग अगदी शेवटी, एकदाच, ते पावणेतीन तीन होतात.

त्या दिवशी तिसरा टँकर पाऊण रिता होईतो सर्व सुरळीत चालले. त्यानंतर ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात धार लागली, आणि गल्लीतल्या दोन म्हशी, ज्यांना त्या ऋतूत इतका सन्मान अपेक्षित नव्हता, तेथे येऊन बसल्या. एवढ्यात चौथा टँकर फाटकाशी उभा राहिला. त्याच्या चालकाने टाक्याचे झाकण उघडून आत पाहिले, मग भाटव्यांकडे पाहिले, आणि अत्यंत अदबीने विचारले, "हे पाणी कुठी टाकू जी?" या प्रश्नास उत्तर नसल्याने भाटव्यांनी टँकर परत नेण्याची सूचना केली, तेव्हा तो म्हणाला, "नेतो जी, नेयाले काय. पन भाडं तं भराच लागन. टँकर भरला म्हंजे भरला." भाडे भरले गेले. पाणी रस्त्याकडेच्या कडुनिंबांस मिळाले.

या प्रसंगानंतर मंडळाची तातडीची सभा भरली, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध कारकुनांवर, जे दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि ज्यांना इमारतीतील सर्वजण आबाजी म्हणतात, टाक्याची मोजदाद करण्याचे काम सोपवण्यात आले. आबाजींनी लीटरांचा नाद सोडून दिला. त्यांचे म्हणणे असे की टाक्याच्या चारही भिंती उभ्या असल्यामुळे त्यात पाण्याचा प्रत्येक इंच सारख्याच वजनाचा असतो, मग तो तळाशी असो की वर. बारा फूट गुणिले नऊ फूट गुणिले एक इंच म्हणजे नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लीटर; एवढा एक आकडा पाठ केला की पुढे काठी आणि डोळे यांच्याखेरीज कशाचीही गरज नाही. टाके भरते म्हणजे काठी ७२ इंच ओली येते. टँकर भरलेला असेल तर एका टँकरने पातळी साडेएकोणीस इंचांहून किंचित वर चढते. अठरा इंच शिल्लक असता जागा चोपन्न इंचांची उरते, आणि चोपन्नात साडेएकोणीस किती वेळा जातात हे भाजीवालीसुद्धा सांगेल. आबाजींनी वेळूच्या काठीवर तांबड्या रंगाने इंचाइंचाच्या खुणा पाडल्या, दर फुटास एक आडवी पट्टी ओढली, आणि काठी जिन्याखाली खिळ्याला टांगून ती केवळ आपल्या हस्ते वापरली जाईल असा नियम केला.

शिल्लक म्हणजे नेमके काय, याविषयीही त्यांनी एक भेद करून दाखवला, जो ऐकताना क्षुल्लक वाटतो आणि विसरला तर मध्यरात्री बारा बिऱ्हाडांना जागे करतो. मोटारीच्या नळाच्या टोकाला जो फूटव्हॉल्व्ह असतो, तो तळापासून सहा इंच वर टांगलेला आहे. त्यामुळे काठीने अठरा इंच दाखवले तरी मोटर त्यांतले बाराच इंच वर चढवू शकते. पुढे तिच्या तोंडात हवा जाते, आवाज बदलतो, आणि ती नुसती फिरत राहून तापते. म्हणून किती टँकर मावतील हे पाहताना शिल्लक तळापासून मोजायची, कारण तळचे पाणीही जागा अडवतेच. पण टँकर केव्हा मागवायचा हे ठरवताना तीच शिल्लक फूटव्हॉल्व्हपासून मोजायची, कारण तळचे पाणी कोणाच्याही घागरीत येत नाही. साठ माणसे, दरडोई दिवसाला शंभर लीटर धरले तर सहा हजार लीटर; म्हणजे सरासरीने तासाला अडीचशे, म्हणजे जवळजवळ तासाला एक इंच. अर्थात अठरा इंचांवर काठी आली की हाती बारा तास आहेत, आणि वऱ्हाडात वैशाखात टँकर सांगितल्यापासून येईपर्यंत बारा तासांची मुदत धरणे हे भित्रेपणाचे लक्षण खचित नव्हे. अठरा इंचांवर टँकर सांगावा, असा ठराव त्या सभेत बिनविरोध संमत झाला, आणि ठरावाची नक्कल जिन्यात चिकटवण्यात आली.

आता टँकर पाच हजारांचा असतो म्हणजे त्यातून पाच हजार पडतातच असे नाही. आडव्या पडलेल्या पिंपासारखा तो गोल. त्याचा व्यास पंचावन्न इंच आणि लांबी पावणेअकरा फुटांच्या आसपास. भरताना चालक वरचे झाकण उघडून चार बोटे जागा रिकामी ठेवतो, आणि ही चार बोटे पाहून खजिनदारांचा जीव खालीवर होतो. वस्तुतः गोल टाकीचा माथा अरुंद असल्यामुळे त्या चार बोटांत नव्वद-पंचाण्णव लीटरच बसतात; तीच चार बोटे पोटाच्या मध्यावर, जेथे टाकी रुंद आहे, तेथे कमी असती तर तिप्पट नुकसान झाले असते. दुसरी गळती पाणी सोडताना होते. कॉक मागच्या अंगाला असल्याने ट्रॅक्टर जर उताराकडे तोंड करून उभा राहिला आणि टाकीचे पुढचे टोक चार इंचांनी खाली गेले, तर पुढच्या कोपऱ्यात साठेक लीटर पाणी तसेच राहून टँकरबरोबर परत जाते. ही टँकरमधली शिल्लक झाली, जी टाक्यातल्या शिलकेप्रमाणे कोणी वजा करीत नाही, आणि चालकही ती आपल्या खात्यात जमा दाखवीत नाही. दोन्ही मिळून एका खेपेला दीडशे लीटर, म्हणजे काठीवर अर्ध्या इंचाहून थोडे अधिक. एवढ्याची तक्रार करणारा मनुष्य स्वभावतः दुःखी असला पाहिजे. परंतु काठी साडेएकोणीसऐवजी सोळाच इंच चढली, तर मात्र टँकर वाटेत कोठेतरी मुजरा करून आला आहे असे समजण्यास हरकत नाही, आणि त्या वेळी वाद न घालता चालकाला बोलावून काठी दाखवावी, असे आबाजींचे सांगणे. काठी ओली कुठवर आहे हे पाहण्यास अक्षरओळख लागत नाही.

याच तत्त्वाने पुढे एका निरपराध चालकावर बालंट आले. तो टँकर काठोकाठ भरलेला होता, ट्रॅक्टर सपाट जागी उभा होता, आणि वीस मिनिटांत पाणी पूर्ण रिते झाले; तरी आबाजींची काठी बाराच इंच चढलेली दिसली. साडेसात इंच, म्हणजे दोन हजार लीटर पाणी, सर्वांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. भाटव्यांनी चालकाचे नाव-गाव विचारले, चिटणिसांनी पुढच्या खेपा बंद करण्याची धमकी दिली, आणि चालक कपाळावर हात मारून म्हणाला, "मी पिलो का मंग दोन हजार लीटर? माह्या टँकरात पाहा ना, एक थेंब नाई." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि काठीही खोटी नव्हती, अशी कोंडी न्यायमंदिरातसुद्धा क्वचितच पाहावयास मिळते. ती फोडली तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. गच्चीवरची टाकी भरून वाहते आहे आणि आमचे पापड भिजले, अशी तक्रार घेऊन त्या खाली आल्या, तेव्हा उलगडा झाला की टँकर पडत असता कोणीतरी मोटर सुरू करून ठेवली होती, आणि मिनिटाला शंभर लीटरांप्रमाणे वीस मिनिटांत ती दोन हजार लीटर पाणी निमूटपणे वर नेत होती. टँकर वरून भरीत होता, मोटर खालून उपशीत होती. शाळेच्या पुस्तकातला तो तिसरा नळ, जो बंद करण्याचे कोणाला सुचत नसे, तो अखेर सापडला. चालकाला चहा देण्यात आला. आणि त्याच सायंकाळी खजिनदारांनी फर्मान काढले की टँकर खाली होत असता मोटर चालवण्यास सक्त मनाई आहे. स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालण्यात आले, व किल्ली चिटणिसांच्या स्वाधीन करण्यात आली.

या फर्मानाने जी अडचण निर्माण केली, तिचा विचार करण्यापूर्वी सरकारी रीत काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आबाजी दर सभेत तिचा दाखला देत. मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील ज्या गावांना उन्हाळ्यात टँकर जातो, तेथे गणित टाक्यापासून नव्हे तर माणसांपासून सुरू होते. टंचाईत दरडोई दिवसाला वीस लीटर असे माप ठरलेले आहे. समजा गाव नऊशे वस्तीचे असेल, तर अठरा हजार लीटर. टँकर बारा हजारांचा असेल, तर दीड खेप. अर्धी खेप घाट चढून जात नाही, तेव्हा एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दोन असे केले की दोन दिवसांत तीन खेपा होऊन हिशेब बेबाक होतो, आणि अपूर्णांकाला वर चढवावे लागत नाही की खाली उतरवावे लागत नाही. मात्र हे पाणी पुष्कळदा गावच्या विहिरीत ओततात, आणि विहिरीत काल किती उरले होते याची वजाबाकी तेथे कोणी करीत नाही, कारण पाणी पडू लागताच पोहरे इतके सुटतात की शिल्लक नावाचा पदार्थ संध्याकाळपर्यंत टिकतच नाही. अकोल्यातल्या बारा बिऱ्हाडांना मात्र शिल्लक होती, आणि म्हणून वादाला विषय होता.

अडचण ही की पावणेतीनचे तीन केले तरी तिसऱ्या टँकरमधले पाव पाणी, म्हणजे साडेबाराशे लीटर, मावत नाही. त्यावर उपाय तीन. पहिला, दोनच टँकर घ्यावेत आणि टाके पंधरा इंच रिते राहू द्यावे. पण खजिनदारांना रिते टाके पाहवत नाही. दुसरा, तिसरा टँकर पाच तास उशिरा बोलवावा, म्हणजे तासाला एक इंच या दराने पाच इंच जागा आपोआप होते. या उपायात काकूंनी दुरुस्ती सुचवली, जी गणिताच्या कोणाही पदवीधरास सुचली नव्हती: सरासरी ही पुस्तकात असते, घरात सकाळी सहा ते नऊ असते, दोन टँकर रात्री घेऊन तिसरा आंघोळी आटोपल्यावर बोलावला तर तीन तासांतच पाच इंचांहून अधिक जागा होईल, आणि पहाटे तीन वाजता तोच टँकर आला तर पाच तास थांबूनही इंचभर होणार नाही. तिसरा उपाय सर्वांत सोपा. गच्चीवरची तीन हजारांची टाकी रिकामी असली, तर तिसरा टँकर लावण्यापूर्वी तेरा मिनिटे मोटर चालवावी; साडेबाराशे लीटर वर जातात आणि खाली तेवढीच जागा होते.

परंतु वैशाखातला टँकर आपल्या सवडीने येतो. त्या रात्री एक वाजता तिन्ही टँकर पाठोपाठ फाटकाशी येऊन उभे राहिले. अकराच्या सुमारास काठी अठरा इंचांवर आल्याने खेपा सांगितल्या होत्या, आणि इतक्या तत्परतेची कोणी कल्पना केली नव्हती. दोन टँकर खाली झाले. तिसऱ्याचा कॉक उघडून पाऊण टँकर पडताच काठी बाहत्तरांवर आली आणि आबाजींनी "बंद!" अशी आरोळी ठोकली. गच्चीवरची टाकी अर्ध्याहून अधिक रिकामी होती. मोटर तेरा मिनिटे चालवली असती तर प्रकरण मिटले असते. पण टँकर खाली होत असता मोटर चालवण्यास मनाई होती, स्टार्टरला कुलूप होते, आणि किल्लीसह चिटणीस पुतण्याच्या लग्नासाठी परतवाड्यास गेलेले होते. कुलूप तोडावे काय, असा प्रश्न निघाला. मंडळाची मालमत्ता मंडळानेच फोडण्यास ठराव लागतो, आणि ठरावाला चिटणिसांची सही लागते, हे भाटव्यांनी निदर्शनास आणून दिले.

तेव्हा चालकाने, म्हणजे ज्याच्यावर पूर्वी बालंट आले होते त्यानेच, शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवले. त्यांचे टाके रिकामेच होते, आणि त्यांचा पहारेकरी जागा असल्यामुळे त्यांच्या अध्यक्षांना उठवणे सुलभ झाले. उरलेले पाणी त्यांनी घ्यावे आणि त्या प्रमाणात भाडे द्यावे, हे दोन्ही पक्षांना मान्य झाले. प्रमाण ठरवण्यासाठी अध्यक्षांनी आपल्याकडची काठी आणून टँकरच्या झाकणातून आत घातली. ती साडेसोळा इंच ओली आली. व्यास पंचावन्न इंच. साडेसोळा भागिले पंचावन्न म्हणजे तीन दशांश. सबब भाड्याचे तीन दशांश शेजाऱ्यांनी द्यावेत, असे भाटव्यांनी तत्काळ जाहीर केले, आणि वहीत तशी नोंद करण्यास पेन उघडले.

शेजारचे अध्यक्ष पेशाने शाळेचे गणिताचे शिक्षक निघाले. गोल टाकीत उंचीचे तीन दशांश म्हणजे पाण्याचे तीन दशांश नव्हेत, तळाचा भाग निमुळता असल्यामुळे साडेसोळा इंचांत केवळ पाव टँकर भरतो, आणि आपण एक चतुर्थांशाहून कपर्दिकही अधिक देणार नाही, असे त्यांनी रात्रीच्या दोन वाजता, बनियनवर आणि अत्यंत सौम्य आवाजात सांगितले. भाटव्यांनी विचारले, की काठी खोटे बोलते काय? आबाजी, ज्यांनी काठीच्या सत्यवचनीपणावर वर्षभर राज्य केले होते, ते भिंतीकडे पाहू लागले. शिक्षकांनी खडू मागवला. फाटकाच्या लोखंडी पत्र्यावर त्यांनी एक वर्तुळ काढले, त्यात एक आडवी जीवा ओढली, केंद्रापासून तिच्या दोन्ही टोकांस त्रिज्या जोडल्या, आणि वर्तुळपाकळीतून त्रिकोण वजा केला असता काय उरते ते साद्यंत समजावून सांगू लागले. बाराही बिऱ्हाडांतील मंडळी खिडक्यांत येऊन ऐकत होती. पाकळीचा कोन काढून होतो न होतो तोच चालक, जो इतका वेळ मडगार्डवर बसून विडी ओढीत होता, उठून उभा राहिला.

"तुमचं चालू द्या जी," तो म्हणाला, "मले चार वाजता मूर्तिजापूरच्या नाक्यावर दुसरी खेप हाये. हे पाणी मी तिकडं घेऊन जातो. भाडं दोघंबी अर्धं अर्धं द्या."